पिंपरीहून चिपळूणला नोकरी: पगार वाढतोय, पण शिल्लक किती वाढते?

मार्च महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, लोट्याच्या कंपनीची ऑफर आलीय. वर्षाला सहा लाख. इथे चार ऐंशी आहेत. महिन्याला दहा हजार जास्त, आणि चिपळूणला खर्च तो काय असणार? घेऊन टाकतो."

मी म्हटलं, सही करायच्या आधी ऑफर लेटरचं शेवटचं पान पाठव. पगाराची फोड त्याच पानावर असते, आणि ते पान कोणी वाचत नाही.

मी स्वतः अकरा वर्षांपूर्वी पिंपरीतून इथे आलो. चिपळूणजवळच्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेब विभागात आहे. पगारपत्रकं माझ्याच टेबलावरून जातात. घाटावरून आलेला नवा माणूस पहिल्या पगाराच्या दिवशी माझ्याकडे येतो आणि दबक्या आवाजात म्हणतो, "साहेब, काहीतरी चुकलंय." चुकलेलं काही नसतं, त्याने फक्त वेगळा आकडा मनात धरलेला असतो. म्हणून भाच्याबरोबर जो हिशेब केला तोच इथे मांडतो. भाडी, बाजारहाट वगैरे आकडे त्याच्या घरचे आहेत. तुमचे वेगळे येतील, पण मांडायची रीत हीच ठेवा.

आधी सहा लाखांचे हातात किती पडतात ते काढा

सहा लाख म्हणजे महिन्याला ५०,००० हे गणित बरोबर आहे, पण हा कंपनीला पडणारा खर्च आहे, तुमचा पगार नव्हे. भाच्याच्या पत्रात मूळ पगार २५,००० होता. त्यावर १२ टक्क्यांनी कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा ३,००० रुपये, तो त्या ५०,००० मध्येच धरलेला. ग्रॅच्युइटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, म्हणजे साधारण १,२००. तीही आतच, आणि कायम नोकरीत ती पाच वर्षं काढल्याशिवाय सहसा हाती येत नाही. गटविम्याचा हप्ता ५००. आणि सर्वांत मोठा तुकडा 'व्हेरिएबल पे', महिन्याला ५,०००. हा वर्षातून एकदा, कंपनीचा आणि तुमचा निकाल बघून मिळतो. मिळायच्या तारखेला तुम्ही नोकरीवर असायला हवं, अशी अट बहुतेक पत्रांत असते.

हे सगळं वजा केलं की महिन्याचा ढोबळ पगार ४०,३०० उरतो. त्यातून तुमचा स्वतःचा निधीचा वाटा ३,००० आणि व्यवसाय कर २०० जातो (फेब्रुवारीत ३००). राहिले ३७,१००. कंपनीची बस आणि कँटीनचे ६०० कापले की ३६,५००. प्राप्तिकराची चिंता या पगारात नाही. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही.

आता जुन्या नोकरीचा तसाच हिशेब करायचा. हे बरेच जण करत नाहीत. जुना पगार खात्यावर पडतो तो आकडा आणि नवा पगार पत्रातला आकडा, अशी तुलना होते. भाच्याच्या जुन्या कंपनीत व्हेरिएबल नव्हतंच. चार लाख ऐंशी हजारांतले ३३,६०० महिन्याला खात्यावर पडत होते.

म्हणजे कागदावरची १०,००० ची वाढ हातात २,९०० झाली. भविष्यनिर्वाह निधीत दोन्ही वाटे मिळून महिन्याला १,२०० जास्त जमा होतील, ती बचत आहे, बुडालेली नाही. पण घरभाडं निधीतून भरता येत नाही.

तो बराच वेळ फोनवर गप्प होता.

खर्चाची वही दोन रकान्यांची

पुढचं काम म्हणजे सध्याचा खर्च खरा लिहून काढणं. अंदाजाने नाही. तीन महिन्यांचं बँकेचं पासबुक आणि फोनवरून पैसे दिल्याच्या नोंदी समोर घेऊन बसायचं. भाच्याने अंदाजाने पिंपरीचा घरखर्च २६,००० सांगितला होता. नोंदी मांडल्यावर तो ३२,००० निघाला.

मग त्याच ओळींसमोर चिपळूणचा रकाना भरला.

| खर्च (महिन्याला) | पिंपरी | चिपळूण |
|---|---|---|
| घरभाडं, सोसायटी | १३,५०० | ८,५०० |
| किराणा, दूध, भाजी, मासळी | ११,००० | ११,५०० |
| वीज, गॅस, इंटरनेट | २,२०० | २,५०० |
| रोजचा प्रवास | २,८०० | १,८०० |
| औषधपाणी | १,५०० | २,००० |
| गावी, घरी जाणं-येणं | १,००० | २,५०० |
| पावसाळ्याचा खर्च, वर्षाचा बाराने भागून | – | ८०० |
| एकूण | ३२,००० | २९,६०० |

भाड्यात पाच हजार वाचतात आणि शेवटी फरक २,४०० चाच राहतो. बाकीचे कुठे गेले हे समजल्याशिवाय इकडे येऊ नये, म्हणून दोन-तीन ओळींवर जरा थांबतो.

खाण्याचा खर्च कोकणात कमी होत नाही. नवीन माणसाला वाटतं गाव आहे, भाजी स्वस्त असेल. इथली माती भात, आंबा, काजू, नारळाची. रोजची भाजी, कांदा, बटाटा, बरंचसं दूध घाटावरून येतं. कुंभार्ली घाटात दरड आली की दोन दिवसांत बाजारात टोमॅटोचा भाव कळतो. उलट मे महिन्यात फणस, करवंदं, आंबे शेजारपाजारचे आणून देतात, त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पण त्याच मे महिन्यात पुण्याचे पाहुणेही येतात, आणि त्यांचा हिशेब मात्र ठेवावा लागतो.

मासळीचं चक्र समजून घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते. ताजी मासळी कमी येते आणि महाग मिळते. म्हणून इथली घरं मेमध्येच आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी करतात: सुकट, सुके बोंबील, तांदूळ, कडधान्य, मसाला, पापड, कोकम. हा खर्च एका महिन्यात एकदम अंगावर येतो. आमच्या घरी मे महिन्याचा किराणा एरवीच्या दुप्पट होतो. वर्षाच्या सरासरीत फरक पडत नाही, पण पहिल्याच मेमध्ये खिसा रिकामा असेल तर पडतो.

पावसाळ्याचे ८०० हे भाच्याला सर्वांत खटकले. "छत्रीला आठशे?" पुण्यात वर्षाचा पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटर. इथे तीन हजारांच्या वर, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, चामड्याचे बूट आणि पट्टे पांढरे पडतात, गादीला वास येतो. लाकडी भुसा दाबून केलेलं स्वस्त फर्निचर दोन पावसाळ्यांत फुगतं, ते पुण्याहून टेम्पोत घालून आणूच नका. रेनकोट दर वर्षी नवा लागतो. इस्त्री जास्त चालते. वारा सुटला की लाईट जाते, म्हणून लहान इन्व्हर्टर लागतो आणि त्याची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. वर्षाला नऊ-दहा हजार कुठे जातात ते कळत नाही.

जाण्यायेण्याचं असं. चिपळूण ते पुणे एसटीने पाटण, कऱ्हाड, सातारा करत सहा-सात तास लागतात. महिलांना अर्धं तिकीट असल्याने नवरा-बायकोची एक फेरी साध्या गाडीने जाऊन-येऊन बाराशेच्या आसपास होते. रिक्षा, खाऊ, सणाला खासगी गाडी हे धरून भाच्याने २,५०० लिहिले. आईवडील पुण्यात आणि थकलेले असतील तर याहून जास्त लिहा. अडीअडचणीच्या फेऱ्या सांगून येत नाहीत.

औषधपाण्यात ५०० वाढवले ते तपासण्यांसाठी. मोठं रुग्णालय डेरवणला आहे, पण काही गोष्टींसाठी लोक अजून कऱ्हाड, कोल्हापूर, पुणे गाठतात. गटविमा मिळतोय म्हणून निर्धास्त होऊ नका. विमा कंपनीच्या कॅशलेस रुग्णालयांच्या यादीत तुमच्या राहत्या जागेपासून तासाभराच्या अंतरावर किती नावं आहेत ते मोजा. एकही नसेल तर आधी पैसे भरून मग परतावा मागायचा, एवढाच त्या विम्याचा उपयोग.

जी ओळ तक्त्यात नव्हती

आतापर्यंत पगार २,९०० ने वाढला आणि खर्च २,४०० ने कमी झाला. महिन्याला ५,३०० चा फायदा. भाचा खूश झाला. मी विचारलं, "सूनबाईंच्या नोकरीचं काय?"

ती पिंपरीत एका कर सल्लागाराकडे १६,००० वर काम करत होती. दोघांचे मिळून ४९,६०० यायचे, ३२,००० जायचे, १७,६०० उरायचे. चिपळूणला ती घरी बसली तर ३६,५०० तून २९,६०० गेले की ६,९०० उरतात. म्हणजे पगार सव्वा पटीने वाढवून शिल्लक निम्म्याहून खाली. तिला तेच काम इथे मिळालं असतं, पण नऊ-दहा हजारांवर, आणि तेही कधी मिळेल ते सांगता येत नव्हतं.

माझ्या अनुभवात कोकणात येऊन वर्षाच्या आत परत गेलेली कुटुंबं पावसाला किंवा एकटेपणाला कंटाळून कमी गेली, या ओळीमुळे जास्त गेली. फक्त जाताना कारण पावसाचं सांगतात.

मग घासाघीस कशाची करायची

एकूण आकडा वाढवून मागण्यापेक्षा त्याची फोड बदलून मागणं कंपनीला सोपं जातं, कारण तिचा खर्च तेवढाच राहतो. भाच्याने दोन गोष्टी मागितल्या. व्हेरिएबलच्या ५,००० पैकी २,५०० दर महिन्याच्या भत्त्यात टाका, आणि पहिला महिना कंपनीच्या गेस्ट हाउसवर राहू द्या. दोन्ही मिळाल्या. हातात ३९,००० येऊ लागले.

सामान हलवायचा खर्च मात्र कंपनीने नाकारला. काही कंपन्या देतात, पण त्यात अट असते: वर्षाच्या आत सोडलंत तर रक्कम परत. ती अट ऑफर लेटरमध्ये नसून कधी कधी रुजू होताना सही करायच्या दुसऱ्या कागदात असते. तो कागदही आधी मागून घ्या.

एकदाचा खर्च वेगळा मांडायचा. टेम्पो आणि हमाली १४,०००, दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी ८,५००, भाडेकरार आणि एजंट २,५००, इन्व्हर्टर, पाण्याचं पिंप, पडदे वगैरे ७,०००. बेरीज ३२,०००. अनामत २५,००० वेगळी, ती परत मिळते म्हणून धरली नाही, पण पहिल्या दिवशी खिशात हवी.

करार नोंदवायचाच. 'इथे सगळे ओळखीचे आहेत, कशाला' असं घरमालक म्हणतो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामतीवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का. ८,५०० भाडं, २५,००० अनामत, अकरा महिने, याचं शुल्क अडीचशेच्या आत येतं. नगरपालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. बाकीचे एजंटचे. अनामत परत मागायची वेळ येते तेव्हा हा कागद कामाला येतो.

आता सुनेला नऊ हजारांची नोकरी मिळाली असं धरू. ३९,००० आणि ९,०००, वजा २९,६००, उरले १८,४००. पिंपरीपेक्षा महिन्याला ८०० जास्त. ३२,००० भागिले ८००, म्हणजे हलण्याचा खर्च भरून यायला चाळीस महिने. उरलेलं व्हेरिएबल, २,५०० च्या हिशेबाने वर्षाचे ३०,०००, पूर्ण मिळालं तर बरंच लवकर. पण ते मिळेलच असं धरून घर हलवू नये.

आधी एकट्याने पावसाळा काढा

या टप्प्यावर मी त्याला वेगळाच रकाना मांडायला लावला. तो एकटा इथे, बायको आणि तीन वर्षांचा मुलगा पिंपरीतच. दोन घरं म्हणजे परवडणार नाही असं सगळे म्हणतात. मांडून बघा. तो नसल्यामुळे पिंपरीचा खर्च २७,००० वर येतो. इथे दोघांत खोली ४,०००, खानावळ ४,५००, किरकोळ १,५००, पंधरा दिवसांनी घरी जाणं २,०००, एकूण १२,०००. दोन्हीकडे दोघांची कमाई ५५,०००, खर्च ३९,०००, शिल्लक १६,०००. म्हणजे पिंपरीत राहिल्यापेक्षा फक्त १,६०० कमी. चार महिन्यांची परीक्षा साडेसहा हजारांत. बत्तीस हजारांचा टेम्पो भरण्याआधी ही स्वस्तच पडते. त्याची शिफ्टही त्याला झेपते का, वसाहतीतला तो रासायनिक वास सहन होतो का, हेही त्यातच कळतं.

दुसरा फायदा घराचा. कोकणात घर पावसात बघावं. एप्रिलमध्ये रंग दिलेलं घर सगळ्यांनाच आवडतं. जुलैत नैर्ऋत्येकडच्या भिंतीला हात लावा. ओल असेल तर पोपडे दिसतात, कपाटाच्या मागे काळे ठिपके येतात. स्लॅब गळतो का, रस्ता पाण्याखाली जातो का, हे त्याच वेळी कळतं.

चिपळुणात एक प्रश्न न लाजता विचारायचा: २२ जुलै २०२१ ला पाणी कुठपर्यंत होतं? वाशिष्ठीच्या त्या पुरात बाजारपेठ बुडाली होती. त्याआधी २००५ च्या जुलैतही पूर आला होता. घरमालक 'पायरीपर्यंत' म्हणेल. खालच्या दुकानदाराला आणि समोरच्या रिक्षावाल्याला विचारा, ते हात वर करून दाखवतात. तळमजल्याचं भाडं हजार-दीड हजाराने कमी असतं, ते याच कारणाने. खेडला राहायचं असेल तर हाच प्रश्न जगबुडीच्या पाण्याबद्दल विचारा. आणि उन्हाळ्यातला प्रश्न पावसातच विचारून ठेवा: मेमध्ये विहिरीला पाणी असतं का, टँकर लागला तर पैसे कोण देतं?

गुहागर, दापोलीकडे समुद्राजवळ घर बघणाऱ्यांनी आणखी एक बघावं. सुट्ट्यांच्या हंगामात पर्यटकांना दिवसाच्या दराने देता येतं म्हणून काही मालक मेमध्ये घर रिकामं मागतात. करारात अकरा सलग महिने लिहून घ्या.

बसचा थांबाही बघा. पहिल्या पाळीची बस पहाटे येते. थांबा घरापासून दोन किलोमीटर असेल तर जुलैच्या पावसात तिथपर्यंत पोचायला दुचाकी लागते आणि ती दिवसभर ठेवायला छप्पर. भाच्याने याच कारणासाठी पाचशे रुपये महाग घर घेतलं आणि बाकीच्या खर्चातून ते कमी केले.

जून ते सप्टेंबर तो एकटा राहिला. खोलीतल्या सोबत्याचं घोरणं सोडलं तर तक्रार नव्हती. सप्टेंबरमध्ये मी सुनेला सांगितलं, आत्ता अर्ज कर. लेखापरीक्षणाच्या मुदती जवळ आलेल्या असतात, त्या दिवसांत इथल्याही कर सल्लागारांना हात कमी पडतात. दोन ठिकाणी विचारणा झाली, एकाने साडेनऊ हजारांवर घेतलं, आणि हंगाम संपल्यावरही ठेवू असं लिहून दिलं. ते पत्र हातात आल्यावर मगच पिंपरीच्या मालकाला महिन्याची नोटीस गेली. दसऱ्यानंतर, रस्ते वाळल्यावर टेम्पो आला. कुंभार्लीच्या वळणांवर फ्रीज आडवा झाला तेवढाच.